ईआरपी ५७ तास बंद: सगळ्या स्टाफला जाणारा मेल कसा लिहायचा

शनिवारी सकाळी सव्वासहाला मला गेटवरून फोन आला. ट्रक भरून उभा होता, ड्रायव्हर बिल मागत होता आणि डिस्पॅचच्या मुलाला सॅप, म्हणजे आमची ईआरपी प्रणाली, उघडत नव्हतं. आमच्या टीमने आठवडाभर आधी सगळ्यांना मेल केला होता: 'नियोजित देखभालीसाठी ईआरपी प्रणाली शनिवार-रविवार उपलब्ध राहणार नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' त्या मुलाने तो वाचलाही होता. पण आपल्याला शुक्रवारी काही करून ठेवायचं आहे, हे त्याला त्यातून कळायला मार्गच नव्हता, कारण तसं काही त्यात लिहिलेलंच नव्हतं. तो ट्रक सोमवारपर्यंत हलला नाही.

त्यानंतर असे मेल मी बरेच लिहिले. या मेलमध्ये अपग्रेडची माहिती कमी असली तरी चालतं. कुठल्या माणसाने कुठल्या वाजेपर्यंत हाताने काय करायचं, ते मात्र हवंच. सिस्टिम बंद असते तेव्हा कारखाना बंद नसतो. माल येतो, जातो, मशिनवर पार्ट निघतात. हे सगळं त्या ५७ तासांत कागदावर कसं चालेल आणि नंतर परत सिस्टिममध्ये कसं येईल, हे मेलने सांगायचं असतं.

उदाहरणासाठी चाकणजवळचा एक सुटे भाग बनवणारा कारखाना धरू. तीन शिफ्ट, सॅप वापरात, शनिवारी साधारण चौदा गाड्या बाहेर जातात. अपग्रेड शुक्रवार २१ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीपासून. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. हिशोबाची रीत मात्र हीच राहील.

तारीख ठरवताना

मेल लिहिणाऱ्याला तारीख बहुतेक वेळा तयारच मिळते, तरी ती एकदा कॅलेंडरवर ठेवून बघा. जीएसटीआर-१ ची तारीख ११, पीएफ-ईएसआयची १५, जीएसटीआर-३बी ची २०. या दिवसांच्या आदल्या शनिवार-रविवारी सिस्टिम बंद ठेवली, तर अकाउंट्सवाले तुमच्या मेलला उत्तर देतील आणि ते योग्यच असेल. महिनाअखेरही नको, त्याचं कारण पुढे येईल. २१ नोव्हेंबर म्हणूनच बरी: २० तारीख उलटलेली आणि महिना संपायला आठवडा बाकी.

मेलमध्ये 'वीकेंड' हा शब्द वापरू नका. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या माणसाला शनिवार हा कामाचाच दिवस. 'शुक्रवारी रात्री १२' हेही टाळा. तो शुक्रवार संपतानाचा बाराचा ठोका की शुक्रवार सुरू होतानाचा, यावर दोन सुपरवायझरांचे दोन अर्थ निघतात. आम्ही रात्री १० ची वेळ धरतो. तिच्यात गोंधळाला जागा नाही.

लिहायला बसण्याआधी बेसिस टीमकडून चार वेळा घ्या

बेसिस टीम म्हणजे सॅपची तांत्रिक बाजू सांभाळणारे. त्यांना 'सिस्टिम कधी बंद, कधी चालू' एवढं विचारून भागत नाही. युजर लॉक कधी होणार, की-युजरांच्या, म्हणजे सिस्टिम तपासणाऱ्या विभागातल्या जाणत्या माणसांच्या, हातात सिस्टिम कधी येणार, पुढे जायचं की मागे फिरायचं हा निर्णय किती वाजता, आणि मागे फिरायचं ठरलं तर जुनी सिस्टिम उभी करायला किती तास, अशा या चार वेळा आहेत.

आपल्या उदाहरणात शुक्रवारी रात्री १० ला युजर लॉक होतात. बॅकअपला तीन तास, म्हणजे रात्रीचा एक. कॉपी सिस्टिमवरच्या तालमीत अपग्रेडचा बंद काळ २७ तासांचा भरला होता, म्हणजे रविवारी पहाटे चार. त्यावर नंतरच्या तांत्रिक कामांसाठी आणि अडचणींसाठी दहा तास राखीव. रविवारी दुपारी २ ला की-युजर तपासायला बसतात, संध्याकाळी ६ ला निर्णय होतो. निर्णय 'मागे फिरा' असा झाला, तर बॅकअप परत चढवायला पाच तास. रात्री ११ ला जुनी सिस्टिम तयार, आणि सोमवारी सकाळी ७ ची पहिली शिफ्ट दोन्ही परिस्थितींत सुरू होते.

शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. सोमवारी ७ ही वेळ मेलमध्ये लिहिताना ती मागे फिरण्याच्या वेळेसह बसते की नाही, हे तपासा. बेसिसवाले 'रविवारी पहाटे होऊन जाईल' म्हणतील. तालमीच्या मानाने ते खरंही असेल, पण मेलमध्ये ती वेळ टाकू नका. लवकर चालू झालं तर कुणाचं काही अडत नाही, उशीर झाला तर साऱ्या कारखान्याचं अडतं. आणि तालीमच झाली नसेल, तर मेल पाठवू नका. तालमीशिवाय दिलेली वेळ हा निव्वळ अंदाज असतो.

खरी अडचण डिस्पॅचची

मेलमध्ये सर्वात जास्त जागा डिस्पॅचला द्या. स्टोअर कागदावर चालतं, प्रॉडक्शन कागदावर चालतं, पण बिल नुसतं कागदावर चालत नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यवसाय-ते-व्यवसाय विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. पोर्टलवरून मिळणारा आयआरएन हा क्रमांक नसलेलं बिल कायद्याच्या दृष्टीने बिलच धरलं जात नाही. विक्रीचा माल डिलिव्हरी चलनावर पाठवून नंतर बिल करू, हाही मार्ग नाही. चलन जॉबवर्कसारख्या ठरावीक कामांसाठी असतं, सिस्टिम बंद आहे म्हणून वापरण्यासाठी नसतं.

मग शनिवारच्या गाड्यांची बिलं शुक्रवारीच करून ठेवायची. चौदा गाड्यांपैकी ज्यांचा माल शुक्रवारी दुपारपर्यंत पॅक होऊन मोजला जाईल तेवढ्याच घ्या, धरू नऊ. उरलेल्या पाच सोमवारवर ढकला आणि त्या ग्राहकांना सेल्सने बुधवारपर्यंत फोन करून सांगायचं. मोजलेला माल यावर माझा भर आहे, कारण आयआरएन पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. शुक्रवारी संध्याकाळी पाचला बिल केलं आणि शनिवारी रात्री गाडी भरताना दोन पेट्या कमी निघाल्या, तर रद्द करायची मुदत टळलेली असते. मग क्रेडिट नोटच काढावी लागते. मुदतीत असलात तरी चालू ई-वे बिल आधी रद्द करावं लागतं, त्यानंतरच आयआरएन रद्द होतो.

ई-वे बिलाची गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. भाग 'अ' शुक्रवारी बिलाबरोबर निघतो. गाडीचा नंबर असलेला भाग 'ब' नंतर भरता येतो, त्यासाठी १५ दिवसांची मुदत असते. दर २०० किलोमीटरला एक दिवस ही वैधता भाग 'ब' पहिल्यांदा भरल्यापासून मोजली जाते. म्हणजे शनिवारी गाडी आल्यावर तिचा नंबर थेट ई-वे बिल पोर्टलवर भरला की झालं, सॅपची गरज लागत नाही. हा नंबर आपण भरणार की ट्रान्सपोर्टर, ते मात्र आधीच ठरलेलं हवं.

ही सगळी सोय कागदावर छान दिसते आणि शनिवारी सकाळी एका ओटीपीवर अडते. एरवी सॅप एपीआयने परस्पर ई-वे बिल काढतं, त्यामुळे डिस्पॅचच्या माणसाने पोर्टल कधी उघडलेलंच नसतं. लॉगिन असतं अकाउंट्सच्या साहेबांचं आणि ओटीपी जातो त्यांच्या मोबाइलवर. १ एप्रिल २०२५ पासून हा दुहेरी पडताळा सगळ्या करदात्यांना लागू आहे. शनिवारी साहेब गावी गेले असतील आणि रेंज नसेल, तर ट्रक गेटवरच उभा. म्हणून डिस्पॅचच्या दोन माणसांच्या नावे, त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर, पोर्टलवर सब-युजर काढून घ्या. तेही आदल्या आठवड्यात. आणि शुक्रवारी दुपारी दोघांनाही आपापल्या हाताने एकदा लॉगिन करायला लावा. मेलमध्ये ही एक ओळ हवीच.

बिल शुक्रवारी झालं की सिस्टिममधला स्टॉक शुक्रवारीच कमी होतो, पण पेट्या यार्डात उभ्याच असतात. त्या पेट्यांवर 'बिल झाले, गाडी बाकी' असं टॅग लावा आणि पट्टा ओढून त्या वेगळ्या ठेवा. नाहीतर शनिवारी कोणीतरी 'हा माल सिस्टिममध्ये दिसत नाही' म्हणून तोच दुसऱ्या ऑर्डरीला देतो.

तातडीचं बिल बंद काळात करावंच लागलं, तर ई-इन्व्हॉइस पोर्टलवरून करता येतं. त्यासाठी एनआयसीचं जीईपीपी नावाचं साधन आहे. मात्र त्या बिलांना वेगळी नंबर मालिका द्या. जीएसटीत एकापेक्षा जास्त मालिका चालतात, फक्त नंबर १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकमेव हवा. सॅपची पुढची मालिका अंदाजाने हाताने वापरली, तर सोमवारी सॅप तोच नंबर दुसऱ्या बिलाला देतं आणि पोर्टल ते नाकारतं. ही वाट फक्त अकाउंट्सच्या मंजुरीने उघडायची, असं मेलमध्ये स्पष्ट लिहा.

कटऑफ एक नको, पायऱ्यांनी हवा

रात्री १० ला लॉक आहे म्हणून सगळ्यांना '१० पर्यंत कामं उरका' असं लिहिलं, तर सगळे पावणेदहाला एन्ट्री करतात. त्यातल्या चार बिलांचा आयआरएन अडकतो आणि तो सोडवायला कोणी उरत नाही. म्हणून बिलाचा कटऑफ संध्याकाळी ६. मधले चार तास अडकलेली बिलं मोकळी करण्यासाठी. इनवर्ड मालाचा जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, दुपारी ४ पर्यंत, कारण तपासणीचा निकाल त्यानंतर चढतो. प्रॉडक्शनची नोंद रात्री ८ पर्यंत. त्यानंतर निघालेले पार्ट कागदावर. ९ ला सगळ्यांनी लॉगआउट. उरलेला तास बेसिसचा: SM13 मध्ये अडकलेले अपडेट, SMQ1 आणि SMQ2 मधल्या रांगा, SM37 मधले चालू जॉब बघून रिकामे करायचे. रांगेत काही राहिलं तर अपग्रेडचं टूलच पुढे जायला नकार देतं, आणि रात्री दोनला ते सोडवत बसावं लागतं.

शनिवारी हाती काय असेल, ते शुक्रवारी छापून ठेवा

सिस्टिम बंद असताना सगळ्यात जास्त अडतं ते बघण्यावाचून. नोंद नंतर करता येते, पण दारात आलेल्या गाडीतला माल कुठल्या पीओचा, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, आहे हे आत्ता बघायचं असतं. म्हणून स्टोअरने रात्री ८ नंतर MB52 मधून स्टॉकची यादी आणि ME2M मधून उघड्या पीओंची यादी एक्सेलमध्ये काढायची, सेल्सने VA05 मधून उघड्या ऑर्डरींची. या फाइल्स शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि स्टोअरच्या टेबलावर एक छापील प्रतही. फोल्डरचं नाव मेलमध्ये द्या.

कागदी स्लिपा आधीच छापून, नंबर घालून द्या. कोऱ्या कागदावर लिहा म्हटलं की नोंदी हरवतात, आणि कोणती हरवली तेही कळत नाही. स्लिपेवर तारीख, वेळ, पीओ किंवा ऑर्डर नंबर, मटेरियल कोड, संख्या, युनिट, बॅच, स्टोरेज लोकेशन आणि सही एवढ्या जागा हव्यात. युनिटची जागा ठळक ठेवा. एका कारखान्यात स्लिपांवर बोल्ट '४ बॉक्स' असे उतरले होते. सिस्टिममध्ये तो बोल्ट किलोत आणि बॉक्स दोन मापांचे. सोमवारी स्टोअरच्या दादांना रॅकपाशी जाऊन वजनकाट्यावर बॉक्स चढवावे लागले, आणि तोवर त्यातला एक वापरून संपलेला होता. म्हणून युनिट सिस्टिममधलंच लिहायचं. ते MB52 च्या यादीत समोरच असतं.

परतीची एन्ट्री: क्रम चुकला की सगळं अडतं

मेलचा हा भाग बहुतेक जण गाळतात. रविवारी संध्याकाळी ६ ला 'पुढे चला' असा निर्णय होईपर्यंत एकही स्लिप सिस्टिममध्ये चढवायची नाही. कारण मागे फिरायचं ठरलं, तर शुक्रवारी रात्रीचा बॅकअप परत येतो आणि त्यानंतर चढवलेलं सगळं पुसलं जातं. निर्णयानंतर फक्त नेमलेले एन्ट्री करणारे बसतात, ६ ते १०. बाकी सगळे सोमवारी सकाळी ७ ला.

क्रम असा: आधी आलेला माल, मग प्रॉडक्शनला दिलेला माल, मग प्रॉडक्शनची नोंद, शेवटी बाहेर गेलेला. उलट केलं तर MIGO मध्ये `Deficit of SL Unrestricted-use` असा संदेश येतो. म्हणजे सिस्टिमच्या मते तेवढा स्टॉकच नाही. तो खरं तर रॅकमध्ये आहे, फक्त त्याचा जीआरएन अजून चढलेला नाही. हा संदेश दिसला की स्टॉक जुळवण्याची नोंद करू नका, आधी खालच्या स्लिपा बघा. घाईत केलेल्या अशा एका जुळवणीने मागून येणारा खरा जीआरएन दुप्पट होतो आणि महिनाअखेरीला फरक निघतो.

पोस्टिंग डेट स्लिपेवरची, म्हणजे २२ किंवा २३ नोव्हेंबर. सिस्टिम आपणहून आजची तारीख दाखवते, ती बदलायची. महिनाअखेर टाळायची ती याचसाठी. अपग्रेड ३० तारखेला असता तर सोमवारी १ डिसेंबर उजाडला असता. नोव्हेंबरचा कालखंड तेव्हा बंद झालेला असेल, तर मागच्या तारखेची नोंद होतच नाही. मग नोव्हेंबरमध्ये आलेला माल डिसेंबरमध्ये दिसतो.

आता मेल

विषयाच्या ओळीत पहिल्या शब्दांतच वेळ आणि कृती यायला हवी, कारण मोबाइलवर तेवढंच दिसतं. 'महत्त्वाचे', 'तातडीचे' हे शब्द काढून टाका. ते रोजच्या दहा मेलमध्ये असतात.

> विषय: शुक्र. २१ रात्री १० ते सोम. २४ सकाळी ७ सॅप बंद; बिले शुक्रवारी ६ पर्यंतच
>
> सर्वांना नमस्कार,
>
> शुक्रवार २१ नोव्हेंबर रात्री १० पासून सोमवार २४ नोव्हेंबर सकाळी ७ पर्यंत सॅप बंद राहील. या काळात नेमलेल्या माणसांशिवाय कुणालाही लॉगिन करता येणार नाही. कारण: सॅपची नवी आवृत्ती बसवणे.
>
> चालू राहील: ईमेल, इंटरनेट, हजेरीचे पंचिंग, वजनकाटा. पंचिंगची नोंद मशिनमध्ये राहील आणि सोमवारी सॅपमध्ये येईल. कुणाची हजेरी जाणार नाही.
>
> शुक्रवारी आपापल्या वेळेत:
> स्टोअर: दुपारी ४ पर्यंत आलेल्या मालाचा जीआरएन. रात्री ८ नंतर स्टॉक आणि उघड्या पीओंची यादी काढून 'SAP_BAND_21NOV' फोल्डरमध्ये आणि छापून टेबलावर.
> डिस्पॅच: शनिवारच्या ठरलेल्या ९ गाड्यांची बिले संध्याकाळी ६ पर्यंत. फक्त पॅक केलेला, मोजलेला माल. त्या पेट्यांना पिवळा टॅग. ई-वे पोर्टलचे आपले लॉगिन शुक्रवारी दुपारी ३ च्या आत एकदा वापरून बघा.
> सेल्स: उघड्या ऑर्डरींची यादी रात्री ८ पर्यंत त्याच फोल्डरमध्ये.
> प्रॉडक्शन: रात्री ८ पर्यंतचे उत्पादन सॅपमध्ये, त्यानंतरचे स्लिपेवर.
> अकाउंट्स: शनिवारी-सोमवारी द्यायची पेमेंट शुक्रवारी दुपारी ३ पर्यंत.
> सर्वजण: रात्री ९ ला लॉगआउट. अर्धवट नोंदी सेव्ह किंवा रद्द करा, स्क्रीनवर उघड्या ठेवू नका.
>
> शनिवार-रविवार: सर्व नोंदी नंबर घातलेल्या स्लिपांवरच. युनिट यादीत दिले आहे तेच. चुकलेली स्लिप फाडू नका, 'रद्द' लिहून पॅडमध्येच ठेवा. तातडीचे बिल अकाउंट्सच्या मंजुरीशिवाय नाही.
>
> सोमवार: सकाळी ७ ला आधी 'सॅप चालू' असा मेल येईल. तो आल्यावरच लॉगिन करा. पासवर्ड जुनाच आहे. या अपग्रेडसाठी पासवर्ड किंवा ओटीपी कुणीही विचारणार नाही आणि कुठली लिंक उघडायला सांगणार नाही. असा मेल किंवा फोन आला तर हेल्पडेस्कला कळवा.
>
> काही अडल्यास आयटी हेल्पडेस्क, शुक्रवार संध्याकाळी ५ पासून सोमवार रात्रीपर्यंत अखंड. नंबर गेटवर आणि प्रत्येक स्लिप-पॅडच्या पुठ्ठ्यावर छापला आहे.
>
> प्रमुख, आयटी विभाग

पासवर्डची ती ओळ मी कधी गाळत नाही. सगळ्या कंपनीला माहीत असलेल्या तारखेला 'नव्या सॅपसाठी इथे लॉगिन करा' असा खोटा मेल पाठवणं भामट्यांना सोपं असतं, आणि सोमवारी सकाळी घाईतला माणूस तो उघडतो.

हजेरीच्या ओळीचंही तसंच. शॉप फ्लोअरवर पहिला प्रश्न 'माझी हजेरी लागेल ना?' हाच असतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं कुणी वाचत नाही.

कधी आणि कुणाला

मी चारदा पाठवतो. दहा कामाचे दिवस आधी, म्हणजे सेल्सला ग्राहकांशी बोलायला वेळ राहतो. बुधवारी परत, फक्त कटऑफच्या ओळी. शुक्रवारी दुपारी एकला दोन ओळींची आठवण. आणि सोमवारचा 'चालू'. शुक्रवारी दिवसभर SM02 मधून सॅपच्या स्क्रीनवरही संदेश टाका. मेल न उघडणाऱ्यालाही तो दिसतो.

कारखान्यात मेल नसलेली माणसं कितीतरी असतात: गेटवरचे सिक्युरिटीवाले, कंत्राटी लोडर, तिसऱ्या शिफ्टचे ऑपरेटर. त्यांच्यासाठी अर्ध्या पानाचा कागद मराठीत आणि हिंदीत, गेटवर, कँटीनच्या दारावर आणि टाइम ऑफिसच्या खिडकीशी. गेटवरच्या दादांना मात्र कागद पुरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा: पिवळा टॅग आणि छापील बिल असलेली गाडीच सोडायची, ई-वे बिलावर गाडीचा नंबर भरलेला बघून. पहिला प्रश्न त्यांच्याचकडे येणार असतो.

उशीर झाला तर

उशिराचा मेल शुक्रवारीच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा. रविवारी रात्री थकलेल्या डोक्याने लिहिलेल्या मेलमध्ये 'लवकरच' हा शब्द येतो, आणि त्यातून सकाळच्या शिफ्टला काहीच ठरवता येत नाही. त्यात पुढची पक्की वेळ नसेल, तर पुढच्या मेलची वेळ द्या: 'सोमवारी सकाळी ७ ला सॅप चालू होणार नाही. स्लिपा चालू ठेवा. पुढची माहिती सकाळी १० ला.' आणि १० ला काहीही झालं तरी मेल पाठवा, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी. मागे फिरल्याचा मेल वेगळा लिहून ठेवा. त्यात सांगायचं ते एवढंच: जुनी सिस्टिम चालू आहे, शुक्रवारी रात्री १० पर्यंतचं सगळं जसंच्या तसं आहे, स्लिपा आता चढवा.

'चालू' मेल आणि पहिला दिवस

सोमवारच्या मेलमध्ये आधी हे: वेब स्क्रीन विचित्र दिसली तर `Ctrl + F5` दाबा, ब्राउझरने जुनं पान साठवलेलं असतं. मग हे: लॉगिन झाल्यावर आपल्या शुक्रवारच्या शेवटच्या नोंदीचा नंबर टाकून ती दिसते का बघा. बिघाड कळवण्याची रीतही लिहा. 'सॅप चालत नाही' असा फोन आला तर शोधायला अर्धा तास जातो. ट्रान्झॅक्शनचं नाव, डॉक्युमेंट नंबर आणि संपूर्ण स्क्रीनचा फोटो, खालच्या पट्टीतल्या संदेशासकट, एवढं आलं की बहुतेक वेळा दहा मिनिटांत कळतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. तिथे तोच बिघाड वीस जण सांगतात आणि एकविसावा, वेगळा बिघाड बुडून जातो.

पहिल्या दिवशी मी स्वतः डिस्पॅचच्या टेबलाशी बसतो. पहिलं बिल होऊन त्याचा आयआरएन आणि क्यूआर कोड छापून येईपर्यंत तिथून उठत नाही. की-युजर रविवारी हे तपासू शकत नाहीत, कारण तपासणीचं बिल खऱ्या पोर्टलवर गेलं तर ते खरं बिल होतं.

शेवटचा मेल मंगळवारी संध्याकाळी, फक्त विभागप्रमुखांना. प्रत्येक पॅडमधल्या स्लिपांचा हिशोब: किती दिल्या, किती वापरल्या, किती रद्द, किती चढल्या. स्टोअरला ००१ ते १०० दिल्या, ००१ ते ०६३ वापरल्या, ०२२ आणि ०४१ रद्द, ६१ चढल्या. प्रत्येक चढलेल्या स्लिपेवर सॅपचा डॉक्युमेंट नंबर पेनने लिहिलेला हवा. एका पॅडला ६० निघाल्या तर ती एक सापडेपर्यंत त्या विभागाचा हिशोब पूर्ण धरू नका.